इंजिन बंद, उंची ६,००० फूट: कोलवा ते दाबोळी

[दृश्य: दुपारचा कोलवा किनारा, उंचावरून. इंजिनचा आवाज. मग आवाज थांबतो.]

समजा, हे चार आसनांचं सेस्ना १७२ आहे. वेळ दुपारी चारची, उंची ६,००० फूट, खाली कोलवा. इंजिन बंद पडलंय. वाऱ्यामुळे पंखा नुसता फिरतोय, ओढ मात्र काही देत नाही.

विमान दगडासारखं कोसळत नाही, ते घसरत घसरत खाली येतं. किती लांबवर जाईल, हे लिफ्ट म्हणजे पंखांची उचल आणि ड्रॅग म्हणजे हवेचा विरोध यांच्या गुणोत्तरावर ठरतं. या विमानात ते साधारण ९ आहे, म्हणजे एक फूट उंची खर्चून नऊ फूट पुढे. पण हे ९ एकाच वेगाला मिळतं. या विमानाचं १७२एस हे मॉडेल पूर्ण भरलेलं असेल, तर तो वेग ६८ नॉट, म्हणजे ताशी ६८ सागरी मैल.

याहून वेगात गेलं तर हवेचा विरोध वाढतो. हळू गेलं तर पंखांना तेवढीच लिफ्ट देण्यासाठी नाक जास्त उचलावं लागतं, आणि त्या लिफ्टपायी निर्माण होणारा ड्रॅग वाढतो. ६८ला हे दोन्ही ड्रॅग सारखे होतात आणि त्यांची बेरीज सर्वांत कमी असते. विमानात माणसं कमी असतील तर हा वेग थोडा खाली येतो, पण गाठता येणारं अंतर तेवढंच राहतं.

[दृश्य: कॉकपिट. वेगदर्शकाचा काटा ११० वरून खाली येतोय.]

म्हणून वैमानिकाचं पहिलं काम वेगाचं. क्रूझच्या वेगातला जादा वेग तो नाक उचलून उंचीत बदलतो, काटा ६८ला टेकला की तो वेग आपोआप टिकावा म्हणून ट्रिम लावतो. मग उतरायची जागा ठरवून तिकडे वळतो. त्यानंतर इंजिन पुन्हा सुरू होतं का, ते बघतो: इंधनाचा सिलेक्टर दोन्ही टाक्यांवर, इंधन पंप चालू, मिक्श्चर रिच म्हणजे हवेत इंधनाचं प्रमाण जास्त, ठिणगी देणारे मॅग्नेटो तपासायचे. रेडिओवर मेडे ही संकटाची हाक आणि रडारला विमानाची ओळख देणाऱ्या ट्रान्सपॉन्डरवर ७७०० हा आणीबाणीचा कोड, हे त्याच्यानंतर. हा क्रम मोडू नये. रेडिओवर बोलता बोलता वेग पडला, तर गमावलेली उंची परत मिळत नाही.

आता जागा. दाबोळीची धावपट्टी इथून वायव्येला साधारण १४ किलोमीटर, म्हणजे ४६,००० फूट. त्याला नवाने भागलं की ५,१०० फूट उंची खर्ची पडणार. उरतात ९००. दाबोळी पठारावर आहे, समुद्रसपाटीपासून सुमारे १८० फूट. हाती राहिले ७०० फूट. कागदावर जमतं.

पण हे गणित वारा नसतानाचं. गोव्यात दुपारी खारे वारे सुटतात, आणि ते बहुधा वायव्येकडून येतात, म्हणजे थेट नाकासमोरून. सरासरी १० नॉटचा वारा धरा. विमान हवेत ६८नेच चाललंय, जमिनीवर मात्र ५८नेच पुढे सरकतंय. नऊचे झाले ७.७. तेवढ्याच १४ किलोमीटरला आता ६,००० फूट लागतील, आणि दाबोळी समुद्रसपाटीच्या वर आहे. पोचणं अशक्य. वेग चार-पाच नॉटांनी वाढवला तर समोरच्या वाऱ्यात थोडा फायदा होतो, पण एवढी तूट त्यातून भरून निघत नाही.

हेच इंजिन दाबोळीच्या पलीकडे, आग्वादच्या डोक्यावर बंद पडलं असतं तर? तिथूनही दाबोळी जवळपास तेवढीच लांब, पण वारा पाठीशी. ४,५०० फुटांत पोचून उंची शिल्लक राहिली असती. तीच उंची, तेच विमान, तेच अंतर, आणि निर्णय मात्र उलटा.

[दृश्य: विंडस्क्रीनमधून दाबोळीचं पठार.]

यातला खरा धोका असा की खारा वारा बहुतेक खालच्या थरातच असतो. वर सगळं ठीक वाटतं, मग खाली आल्यावर धावपट्टी काचेत हळूहळू वर सरकू लागते. उतरायच्या जागेचा ठिपका काचेत एका जागी स्थिर राहिला तर तिथे पोचणार, खाली गेला तर पुढे जाणार, वर चढला तर आधीच उतरणार. अशा वेळी हात नाक उचलायला आपोआप योक ओढतो. क्षणभर बरं वाटतं, पण वेग ६८खाली जातो आणि उतरण आणखी उभी होते. ४८च्या आसपास विमान स्टॉल होतं, म्हणजे पंखांची लिफ्ट एकदम ढासळते. एवढ्या खाली स्टॉल झालं, तर सावरायला उंचीच नसते.

म्हणून कोलव्यावरच्या वैमानिकाने दाबोळीचा नाद सुरुवातीलाच सोडावा, असं माझं ठाम मत आहे. खाली वेळसांवपासून केळशीपर्यंत अखंड वाळू आहे आणि किनाऱ्याची दिशा वाऱ्याशी बरीच जुळते. कोलव्यासमोर माणसं असतील, पण बाणावलीच्या पुढे मोकळे पट्टे सापडतात. ओहोटी असेल तर पाण्यालगतची ओली वाळू घट्ट असते. वरच्या भुसभुशीत वाळूत पुढचं चाक रुततं. पट्टा कुठेच मोकळा नसेल, तर किनाऱ्याला समांतर उथळ पाण्यात उतरायचं, माणसांत नाही. चाकं पाण्यात अडकून विमान उलटू शकतं, हे जाणूनच.

जागा नक्की मिळते आहे असं दिसल्यावरच पंखांच्या मागच्या कडेचे शेवटचे फ्लॅप उतरवायचे. मग इंधन बंद, मॅग्नेटो बंद, मास्टर स्विच बंद, आणि टेकण्याआधी दारं उघडी करून ठेवायची, म्हणजे धक्क्याने सांगाडा वाकला तरी ती अडकणार नाहीत.