अकराच्या पेपरआधीचा नाश्ता

नमस्कार. मी आहारतज्ज्ञ आहे. आज मी फक्त दहावीच्या परीक्षेच्या आठवड्यातल्या सकाळींबद्दल आणि त्यासाठी शनिवारी आणायच्या सामानाबद्दल बोलणार आहे.

आधी घड्याळ बघू. मराठीचा पेपर अकराला सुरू होतो आणि दोन वाजून दहा मिनिटांनी संपतो. मूल साडेदहाला केंद्रावर असतं. म्हणजे घरून निघताना पोटात जे गेलं, त्यावर जवळजवळ चार तास काढायचे. आपल्याकडे नाश्ता आठला होतो, कारण शाळेची तीच सवय असते. आठला खाल्लेले पोहे साडेबारापर्यंत कसे पुरणार? नेमका तेव्हाच निबंध लिहायचा असतो.

गेल्या वर्षी माझ्याकडे एक आई आली होती. मुलगी सराव पेपरात शेवटच्या तासाला चुका करायची आणि चिडचिडी व्हायची. घरच्यांना वाटलं, अभ्यास कमी पडतोय. मी विचारलं, सकाळी काय खाते? आठला बशीभर पोहे, चहा आणि दोन बिस्किटं. त्यात प्रथिनं पाच-सहा ग्रॅमच्या आसपास होती, बाकी सगळा पिष्टमय भाग आणि साखर. असं खाणं पोटातून लवकर पुढे सरकतं, भूक लवकर परत येते आणि भुकेलं मूल वाचलेलंच वाक्य पुन्हा वाचत बसतं.

आम्ही पोहे बंद केले नाहीत. मुलीला ते आवडतात, आणि परीक्षेच्या आठवड्यात नवा पदार्थ सुरू करण्यासारखी चूक नाही. वेळ सव्वानऊ केली. शेंगदाणे चमचाभराऐवजी मूठभर, साधारण तीस ग्रॅम घातले, वर लिंबू पिळलं आणि सोबत एक उकडलेलं अंडं दिलं. प्रथिनं सतरा-अठरा ग्रॅमपर्यंत गेली. सकाळी सातला अभ्यासाला बसताना अर्धा कप दूध आणि एक केळं, कारण उठल्या उठल्या तिला जास्त खाववत नव्हतं. मग रविवारी अकरा ते दोन घरीच पूर्ण पेपर सोडवायला लावला. एकच गोष्ट विचारायची ठरवली होती: भूक कधी लागली? आधी ती पावणेएकला लागायची, आता पावणेदोनला लागली. तुमच्याही घरी ही रंगीत तालीम करा, परीक्षेच्या निदान आठवडाभर आधी. मूल तासाभरातच जांभया देऊ लागलं, तर नाश्ता जड किंवा फार तेलकट झाला असं समजा. दीड तासात भूक लागली, तर प्रथिनं कमी पडली.

अंडं चालत नसेल तर मूगडाळीची धिरडी करा. साठ ग्रॅम डाळीत चौदा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळतात. डाळ रात्री भिजत घातली की सकाळी वाटायला दहा मिनिटं लागतात. थालीपीठ-दहीही उत्तम, पण तेल बेताचं हवं.

आता पिशवी. एका मुलासाठी आठवड्याला पाव किलो फुटाणे, अर्धा किलो शेंगदाणे, अर्धा किलो मूगडाळ, सात अंडी, चार लिंबं. केळी एकदम डझनभर आणू नका. मार्चच्या उन्हात ती चौथ्या दिवशी काळी पडतात. शनिवारी चार आणि बुधवारी चार, थोडी हिरवट बघून घ्या. दुपारच्या अभ्यासाला मूठभर फुटाणे किंवा राजगिऱ्याची एखादी वडी पुरते. पाकीटबंद काही घेणार असाल, तर मागे छापलेली घटकांची यादी वाचा. जे सगळ्यांत जास्त असतं ते आधी लिहिलेलं असतं. पहिल्या तीन नावांत साखर असेल, तर ते पाकीट या आठवड्यापुरतं दुकानातच राहू द्या. बदामांवर पैसे खर्च झाले नाहीत म्हणून कुणी अपराधी वाटून घेऊ नये. शेंगदाण्यात प्रथिनं बदामापेक्षा थोडी जास्तच असतात, आणि बदामाने पाठांतर वाढतं असं मी तुम्हाला सांगणार नाही.

एनर्जी ड्रिंकच्या डब्यावर ते मुलांसाठी नाही असं छापलेलं असतं. तो घरात नकोच. चहा-कॉफी संध्याकाळी पाचनंतर देऊ नका, कारण कॅफिन अंगातून निम्मं कमी व्हायलाही पाचेक तास लागतात. रात्रीची झोप गेली की सकाळच्या कुठल्याही नाश्त्याने ती भरून निघत नाही. ज्या मुलाला मधुमेह किंवा दाण्यांची ॲलर्जी आहे, त्याच्यासाठी मात्र माझं वेळापत्रक वापरू नका, डॉक्टरांना विचारा.

निघताना आजी हातावर दही-साखर देते, ती जरूर द्या. चमचाभर साखरेने काही बिघडत नाही. पाणी साडेनऊपर्यंत ग्लासभर, मग फक्त घोट घोट. आणि दोन वाजून दहा मिनिटांनी फाटकाबाहेर पाण्याची बाटली आणि केळं घेऊन उभे राहा. कुठला प्रश्न सुटला, ते त्याने दोन घास खाल्ल्यावर विचारा.