मेगापिक्सेल वाढले, म्हणजे फोटो स्पष्ट आला का?

श्रोतेहो, नमस्कार. नवा मोबाइल घेताना कॅमेऱ्याबद्दल बहुतेक जण एकच आकडा विचारतात आणि दुकानदारही तोच आकडा आधी सांगतो: मेगापिक्सेल किती? हा आकडा खोटा नसतो. मात्र फोटोच्या स्पष्टतेविषयी तो फार थोडे सांगतो. असे का होते, हे आज एकाच फोनच्या आकडेमोडीतून पाहू.

२०२३ मध्ये बाजारात आलेल्या सॅमसंगच्या गॅलक्सी एस २३ अल्ट्रा या फोनचा मुख्य कॅमेरा २०० मेगापिक्सेलचा आहे. त्याच्या सेन्सरवर, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या चिपवर, आडव्या दिशेने १६,३२० आणि उभ्या दिशेने १२,२४० पिक्सेल आहेत. म्हणजे एकूण जवळजवळ २० कोटी. प्रत्येक पिक्सेलची रुंदी ०.६ मायक्रॉन आहे, आणि एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. प्रत्येक दिशेची पिक्सेलसंख्या आणि ही रुंदी यांचा गुणाकार केला, की संपूर्ण सेन्सर सुमारे ९.८ मिलिमीटर लांब आणि ७.३ मिलिमीटर रुंद असल्याचे दिसते. फोनच्या सेन्सरमध्ये हा मोठ्यांपैकी एक आहे. तरीही व्यावसायिक छायाचित्रकाराच्या फुल फ्रेम कॅमेऱ्यातील ३६ बाय २४ मिलिमीटरच्या सेन्सरच्या तुलनेत त्याचे क्षेत्रफळ बाराव्या भागाएवढेच भरते. २० कोटी पिक्सेल बसवायचे ते या एवढ्याशा जागेत.

पहिली अडचण येते ती लेन्सकडून. प्रकाश लहान छिद्रातून जाताना थोडा पसरतो. भौतिकशास्त्रात याला विवर्तन म्हणतात. त्यामुळे अगदी निर्दोष लेन्ससुद्धा दूरच्या एका बिंदूची प्रतिमा बिंदूएवढी न उमटवता लहानशा चकतीच्या रूपात उमटवते. या फोनच्या लेन्सचे अ‍ॅपर्चर, म्हणजे प्रकाश आत येण्याच्या छिद्राचे माप, एफ १.७ आहे. त्यातून आलेल्या हिरव्या प्रकाशाची चकती सुमारे २.३ मायक्रॉन व्यासाची होते, म्हणजेच एका चकतीखाली जवळजवळ चार पिक्सेल ओळीने मावतात. जाड कुंच्याने चित्र काढताना खालचा आलेख-कागद अधिक बारीक चौकटींचा घेतला, म्हणून रेघ बारीक होत नाही. तसेच हे आहे. चकतीचा मध्यभाग कडांपेक्षा उजळ असतो, त्यामुळे बारीक पिक्सेलचा लाभ अगदी शून्य होतो असे नाही. परंतु १२ मेगापिक्सेलवरून २०० वर गेल्यावर पिक्सेल सोळापट झाले, तरी रेषेतील बारकावा हिशेबाने जास्तीत जास्त चौपट होऊ शकतो, आणि विवर्तन, लेन्सचे दोष व हाताचा कंप यांत त्यातलाही बराच भाग गळून जातो.

दुसरी अडचण प्रकाशाची आहे. प्रकाश कणाकणांनी येतो आणि ते कण पिक्सेलवर अनियमितपणे पडतात. सरासरी २५ प्रकाशकण अपेक्षित असतील, तर प्रत्यक्ष मोजणीत साधारण ५ चा, म्हणजे २५ च्या वर्गमुळाएवढा, चढउतार राहतो. पिक्सेल जितका लहान तितके त्याच्या वाट्याला येणारे कण कमी, आणि कण कमी झाले की हा चढउतार मोजलेल्या प्रकाशाच्या तुलनेत मोठा ठरतो. सपाट भिंतीच्या किंवा संध्याकाळच्या आकाशाच्या फोटोत जे रंगीत दाणे दिसतात, ते मुख्यतः याचेच फळ. हे दाणे घालवण्यासाठी फोनमधील सॉफ्टवेअर फोटो गुळगुळीत करते, आणि त्या भरात केसांच्या बटा, कापडाची वीण, झाडाची पाने हेही पुसले जाते. रात्रीच्या फोटोत चेहरा मेणाचा वाटतो, त्याचे हे एक मोठे कारण.

यावर उत्पादकांनी काढलेला उपाय म्हणजे पिक्सेल बिनिंग. आपल्या उदाहरणातील सेन्सरवर चार बाय चार, म्हणजे १६ शेजारी पिक्सेलवर एकाच रंगाची गाळणी बसवलेली असते. हे १६ पिक्सेल एकत्र मोजले, की २.४ मायक्रॉन रुंदीचा एक मोठा पिक्सेल तयार होतो. मघाचाच हिशेब पुढे नेला, तर प्रत्येकी २५ याप्रमाणे १६ पिक्सेलचे ४०० कण होतात आणि त्यांतील चढउतार २० चा राहतो. आधी मोजलेला प्रकाश चढउताराच्या पाचपट होता, आता तो वीसपट झाला, म्हणून फोटो स्वच्छ दिसतो. याची किंमत म्हणजे २० कोटी पिक्सेलचे सव्वा कोटी उरतात. हा फोन नेहमीच्या वापरात साधारण १२ मेगापिक्सेलचाच फोटो देतो, आणि खोक्यावरचे २०० मेगापिक्सेल मेनूत जाऊन निवडावे लागतात.

ते निवडल्यावर आणखी एक गोष्ट घडते. रंगाच्या गाळण्या १६-१६ च्या गटांत बसवलेल्या असल्यामुळे हिरव्या गटातील पिक्सेलला तांबडा आणि निळा रंग किती, हे ठाऊक नसते. ते शेजारच्या गटांवरून अंदाजाने भरावे लागते. रंग अंदाजाने भरणे हे सर्वच कॅमेऱ्यांत चालते, पण इथे शेजारी बराच लांब असतो. त्यामुळे बारीक रंगीत नक्षीच्या बाबतीत २०० मेगापिक्सेल हा आकडा उदारच म्हणावा लागेल.

मग दोन फोन कसे तोलावेत? सेन्सरचा आकार पाहून. सॅमसंगचा जेएन १ आणि सोनीचा आयएमएक्स ७६६ हे दोन्ही ५० मेगापिक्सेलचे सेन्सर आहेत, आणि जाहिरातीत दोघांचा आकडा सारखाच दिसतो. पहिल्याचा पिक्सेल ०.६४ मायक्रॉनचा आहे, दुसऱ्याचा १ मायक्रॉनचा. रुंदीतील हा फरक किरकोळ वाटतो, पण क्षेत्रफळाच्या हिशेबात सोनीचा सेन्सर जवळजवळ अडीचपट मोठा भरतो, आणि अ‍ॅपर्चर सारखे असेल तर त्याच प्रमाणात अधिक प्रकाश गोळा करतो. तांत्रिक माहितीत हे आकार १/२.७६ इंच आणि १/१.५६ इंच असे लिहिलेले आढळतात. छेदातील संख्या लहान, तर सेन्सर मोठा, एवढे ध्यानात ठेवावे. हे इंच शब्दशः मात्र घेऊ नयेत: एक इंची म्हणून विकला जाणारा सेन्सर प्रत्यक्षात १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा असतो. ही मापनपद्धत जुन्या दूरचित्रवाणी कॅमेऱ्यांच्या काचनळ्यांवरून चालत आली आहे आणि ग्राहकाच्या सोयीची ती मुळीच नाही.

मोठ्या आकड्याचा खरा उपयोगही आहे. लख्ख उन्हात, स्थिर दृश्य आणि स्थिर फोन असताना, फोटोचा एखादा भाग कापून मोठा करायचा असेल, तर ५० किंवा २०० मेगापिक्सेलची सोय कामाला येते. आपल्या फोनवर ती कितपत कामाची आहे, हे घरीच तपासता येईल. फोन टेबलावर पुस्तकांच्या आधाराने उभा करावा, समोरच्या भिंतीवर वर्तमानपत्राचे पान लावावे, आणि टायमर लावून नेहमीच्या व सर्वोच्च मेगापिक्सेलच्या सेटिंगने एकेक फोटो दिवसा व एकेक रात्री दिव्याच्या उजेडात काढावा. नंतर दोन्ही फोटो पानाचा तेवढाच भाग पडद्यावर दिसेल इतके मोठे करून बारीक टाइपाची अक्षरे वाचून पाहावीत. दिवसा मोठ्या आकड्याच्या फोटोत लहान अक्षरे अधिक वाचता आली, पण रात्री अक्षरांच्या कडा दाणेदार किंवा पुसट झाल्या, तर त्या फोनवर सर्वोच्च मेगापिक्सेलची सेटिंग फक्त उन्हासाठी राखून ठेवावी. दिवसासुद्धा दोन्ही फोटोंत तीच अक्षरे वाचता आली, तर अडथळा बहुधा लेन्सचा आहे, आणि त्या सेटिंगमुळे फोनमधील जागा तेवढी अधिक खर्ची पडते आहे.