एक नोंद, एकच इन्व्हॉइस
(तासांच्या दराने सेवा देणाऱ्या छोट्या फर्मचे चालक आणि त्यांचे हिशेबनीस यांच्यासमोर नाशिकमध्ये दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. अंबड-सातपूरच्या कारखान्यांना जिग-फिक्श्चरची ड्रॉइंग्ज करून देणारं एक डिझाइन ऑफिस डोळ्यांसमोर आणा. एक सीनियर डिझायनर, एक ज्युनियर. काम तासांवर चालतं आणि महिना संपला की पार्टीला बिल जातं. या बिलात पैसे कुठे गळतात, एवढंच आज नीट पाहू.

बहुतेक ठिकाणी सुरुवात अशी होते: ‘जूनचं बिल काढायचंय, १ ते ३० जूनचे मंजूर तास काढा.’ ऐकायला बरोबर वाटतं, पण गळती इथेच सुरू होते. ज्युनियरने २९ आणि ३० जूनला केलेले सव्वापाच तास ५ जुलैला बिल निघताना मंजूर झालेले नसतात, म्हणून ते जूनच्या बिलात येत नाहीत. ते ८ जुलैला मंजूर होतात. मग ऑगस्टमध्ये आपण १ ते ३१ जुलैचे तास काढतो आणि हे सव्वापाच तास तिथेही बसत नाहीत, कारण त्यांच्या कामाची तारीख जूनची आहे. दोन्ही बिलं आपापल्या जागी अचूक दिसतात, पार्टी तक्रार करत नाही, आणि तासाला ७०० रुपयांप्रमाणे ३,६७५ रुपये कायमचे बुडतात.

म्हणून प्रश्न वेगळा विचारायचा: या ग्राहकाच्या कोणत्या नोंदी मंजूर आहेत, बिलपात्र आहेत आणि अजून एकाही इन्व्हॉइसला जोडलेल्या नाहीत? तारखेला फक्त वरची मर्यादा ठेवायची, खालची ठेवायचीच नाही. डेटाबेसमधून काढत असाल तर साधारण असं:

```sql
SELECT employee_id, rate, SUM(minutes) AS total_minutes
FROM time_entries
WHERE client_id = 17
  AND status = 'approved'
  AND billable = 1
  AND invoice_id IS NULL
  AND work_date <= '2026-06-30'
GROUP BY employee_id, rate;
```

यातली `invoice_id IS NULL` ही ओळ सगळ्यात मोलाची. इन्व्हॉइस तयार होताना त्यात घेतलेल्या प्रत्येक नोंदीवर त्या इन्व्हॉइसचा क्रमांक चिकटतो. त्यामुळे उशिरा मंजूर झालेली नोंद पुढच्या महिन्यात आपोआप उचलली जाते. शिवाय कुणी चुकून दोनदा बटण दाबलं तरी तेच तास दुसऱ्यांदा बिलात येत नाहीत. फक्त नोंदी निवडणं, बेरीज आणि क्रमांक चिकटवणं हे एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये व्हायला हवं. मध्येच लाइट गेली तर सगळं झालेलं असावं किंवा काहीच झालेलं नसावं. एक्सेलवर काम करत असाल तर प्रत्येक नोंदीपुढे ‘इन्व्हॉइस क्रमांक’ हा रकाना ठेवा आणि रिकाम्या रकान्यांवर फिल्टर लावा. तत्त्व तेच आहे.

आता आकडे घेऊ. सीनियरचा दर तासाला १,२०० रुपये होता, १६ जूनपासून तो १,३५० झाला. १५ तारखेपर्यंत त्याचे ४१ तास २० मिनिटं, त्यानंतर ३८ तास ३० मिनिटं. ज्युनियरचे एकूण ९६ तास ४५ मिनिटं. त्यातले ६ तास आपल्याच चुकलेल्या ड्रॉइंगच्या दुरुस्तीचे, म्हणजे बिलपात्र नाहीत. उरले ९० तास ४५ मिनिटं. त्यातून मंजुरीला अडकलेले सव्वापाच तास वजा केले की ८५ तास ३० मिनिटं बिलात येतात.

इथे पहिली चूक मिनिटांची होते. ४१ तास २० मिनिटं हे कुणी ४१.२० असं टाइप करतं. पण २० मिनिटं म्हणजे तासाचा तिसरा भाग, ०.२० नव्हे. या एका ओळीत १६० रुपये कमी लागतात. ३८.३० लिहिलं तर आणखी २७० आणि ८५.३० लिहिलं तर १४०. एकाच ग्राहकाच्या एका बिलात ५७० रुपये गेले. ४१.३३ लिहिलं तरी चार रुपये कमीच पडतात. म्हणून वेळ पूर्ण मिनिटांत साठवा, मिनिटांचीच बेरीज करा आणि गुणाकार अगदी शेवटी करा. २,४८० मिनिटं गुणिले १,२०० भागिले ६०, म्हणजे ४९,६०० रुपये. दुसरी ओळ ५१,९७५ रुपये. ज्युनियरचे ५९,८५० रुपये.

दुसरी चूक दराची. दर कर्मचाऱ्याच्या मास्टरमध्ये एकाच ठिकाणी असतो आणि १६ तारखेला कुणीतरी तो बदलतं. बिल काढताना प्रोग्रॅम आजचा दर वाचतो आणि पहिल्या पंधरवड्याचे तासही १,३५० ने लागतात. पार्टीवर ६,२०० रुपये जास्त चढतात, आणि त्यांच्या परचेसवाल्याने ते पकडलं की पुढची सगळी बिलं संशयाने तपासली जातात. नोंद मंजूर होतानाच कामाच्या तारखेचा दर त्या नोंदीवर लिहून टाका. वरच्या क्वेरीत `rate` नोंदीतूनच घेतला आहे, म्हणून सीनियरच्या दोन ओळी वेगळ्या निघतात. बिलावरही त्या वेगळ्याच छापा.

तिन्ही ओळी मिळून १,६१,४२५ रुपये. ग्राहक सातपूरचा, म्हणजे महाराष्ट्रातलाच, म्हणून ९ टक्के सीजीएसटी आणि ९ टक्के एसजीएसटी. प्रत्येकी १४,५२८.२५ येतात. कर पूर्ण रुपयात धरायचा, म्हणून १४,५२८. एकूण १,९०,४८१ रुपये. ग्राहक वापीचा असता तर १८ टक्के आयजीएसटी लागला असता. एकाच कंपनीचे सातपूर आणि वापी असे दोन कारखाने असतील तर दोन्हींचे जीएसटी क्रमांक वेगळे असतात. हिशेबात ते दोन ग्राहक समजा, नाहीतर एकाच बिलात दोन प्रकारचे कर मिसळतात.

इन्व्हॉइसचा क्रमांक ड्राफ्टला देऊ नका, बिल पक्कं करतानाच द्या. क्रमांक सलग, आर्थिक वर्षात एकदाच येणारा आणि १६ अक्षरांच्या आत असावा लागतो. `NSK/26-27/0143` ही १४ अक्षरं झाली. ड्राफ्टला क्रमांक देऊन तो पुसला की मालिकेत खड्डा पडतो आणि त्याचा खुलासा करत बसावं लागतं.

तारखेबद्दल एक सांगतो. ५ जुलैला निघालेल्या बिलावर ३० जून घालायची गरज नाही. सेवेचं इन्व्हॉइस सर्वसाधारणपणे सेवा दिल्यापासून ३० दिवसांत काढायचं असतं. लांब मुदतीच्या करारात पैसे देण्याची तारीख ठरलेली असेल तर त्या तारखेपर्यंत काढायचं. ५ जुलैची तारीख घातली की ते जुलैच्या जीएसटीआर-१ मध्ये जातं आणि ते विवरणपत्र मासिक असेल तर ११ ऑगस्टपर्यंत भरायचं असतं. पण याच मुदतीमुळे मंजुरी दोन-दोन महिने लोंबकळू देता येत नाही. म्हणून मंजुरी देणारा माणूस कोण आणि त्याने कितव्या तारखेपर्यंत हरकत घ्यायची, हे वर्क ऑर्डरमध्येच लिहून घ्या.

बिल पक्कं झाल्यावर त्यातल्या नोंदींना कुलूप लागलं पाहिजे. पार्टीने नंतर दोन तासांवर हरकत घेतली आणि तुम्हाला ती पटली, तर टाइमशीट बदलायची नाही आणि जुनं बिल पुन्हा छापायचं नाही. त्या दोन तासांची करासह क्रेडिट नोट काढायची आणि तिच्यावर मूळ इन्व्हॉइसचा क्रमांक घालायचा.

दर महिन्याला बिलं निघाली की प्रत्येक ग्राहकासाठी एक ताळा करा. आतापर्यंतची सगळी बिलपात्र मिनिटं एका बाजूला. दुसऱ्या बाजूला बिलात गेलेली, सोडून दिलेली आणि अजून बाकी असलेली. आपल्या उदाहरणात ज्युनियरची ५,४४५ मिनिटं एका बाजूला, आणि ५,१३० बिलात व ३१५ बाकी दुसऱ्या बाजूला. ताळा जुळला. बाकीच्या यादीत नोंदीचं वय दाखवा, म्हणजे ३१५ मिनिटांपुढे ‘मंजुरी बाकी, २९ जूनपासून’ असं दिसेल. जुलैच्या बिलात ती स्वतंत्र ओळीत, ‘२९ व ३० जूनचं काम, उशिरा मंजूर’ असं लिहून ७०० रुपयांच्याच दराने लावा. तारीख लिहिली नाही तर पार्टीचा अकाउंटंट ती ओळ जुलैच्या टाइमशीटमध्ये शोधत बसतो आणि सापडली नाही की पूर्ण बिल अडवून ठेवतो.