चेहरा जुळला, मग रंग कुठे गेला?

(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

तुमच्यापैकी बहुतेकांनी चित्रं बनवणारी मॉडेल्स वापरलेली आहेत, त्यामुळे ती काय असतात हे सांगण्यात वेळ घालवत नाही. मी एकवीस वर्षं फोटो रिटचिंग करते आहे. माणसाच्या गालाचा रंग बघणं हे माझं रोजचं काम आहे, म्हणून ही मॉडेल्स गडद माणसाचा रंग उजळ आणि नाक निमुळतं का करतात हा विषय माझ्या फार जवळचा.

माझी एक मैत्रीण भौतिकशास्त्र शिकवते. तिचं पुस्तक यायचं होतं आणि मलपृष्ठावर तिचा फोटो हवा होता. तिचा एक चांगला फोटो मीच काढलेला होता. खिडकीतून डावीकडून येणारा मऊ उजेड, समोरून घेतलेला चेहरा. रंग गडद, नाक रुंद, ओठ भरलेले. डिझाइन करणाऱ्यांनी तो फोटो रेफरन्स म्हणून मॉडेलला दिला आणि तीच बाई पुस्तकांच्या कपाटासमोर, जॅकेट घातलेली अशी मागितली. फाइल आली. कपाट सुरेख होतं, जॅकेटची शिलाईसुद्धा दिसत होती. मैत्रिणीने ती आपल्या आईंना दाखवली. त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "तुला बहीण असती तर अशी दिसली असती."

हे वाक्य मी अजून विसरलेले नाही, कारण ते अगदी अचूक आहे. डोळ्यांमधलं अंतर तेच, हनुवटी तीच, भुवयांचा बाक तोच. पण रंग उजळ आणि नाक निमुळतं. आम्ही तक्रार केली तेव्हा उत्तर आलं की चेहरा तपासलेला आहे, सिमिलॅरिटी स्कोअर उत्तम आहे, सॉफ्टवेअरच्या मते ही तीच व्यक्ती आहे. आई म्हणते ही माझी मुलगी नाही, आणि सॉफ्टवेअर म्हणतं, हीच ती. मला राग आला. पण नुसतं रागावून फाइल बदलत नाही, म्हणून मी हा स्कोअर नेमका काय मोजतो ते शोधायला बसले. आज सांगायची मुख्य गोष्ट तीच आहे.

रेफरन्स चेहरा टिकवणाऱ्या बऱ्याच पद्धतींत तुमचा फोटो जसाच्या तसा मॉडेलकडे जात नाही. आधी चेहरा ओळखणारं एक वेगळं नेटवर्क त्याचे आकडे काढतं. हे बहुधा ५१२ आकडे असतात आणि ती त्या माणसाची ओळख मानली जाते. आता हे नेटवर्क कशासाठी तयार झालंय ते बघा. एकच माणूस उन्हात, ट्यूबलाइटखाली किंवा संध्याकाळी दिसला तरी तोच आहे हे त्याने ओळखायला हवं. म्हणून शिकवतानाच त्याला सवय लावली जाते की उजेड बदलला तरी आकडे बदलता कामा नयेत. आणि कॅमेऱ्याला गालाचा उजळपणा दिसतो तो त्वचा आणि उजेड एकत्र होऊनच. उजेडाकडे दुर्लक्ष करायला शिकलेलं नेटवर्क त्वचेच्या गडदपणाकडेही बरंचसं दुर्लक्ष करायला शिकतं.

मी एक साधा प्रयोग केला, तो तुम्हीही घरी करू शकता. मैत्रिणीचा मूळ फोटो घेतला आणि एडिटरमध्ये तिची त्वचा भरपूर उजळ केली, इतकी की मलाच बघवेना. मग दोन्ही फोटोंचे आकडे काढून ताडून पाहिले. स्कोअर ०.९४ आला, पूर्ण जुळणी म्हणजे १. म्हणजे त्या नेटवर्कच्या लेखी दोन्ही फोटो जवळपास एकच. अशा आकड्यांवरून चित्र काढणाऱ्या मॉडेलला रंग किती असावा हे नीट कळतच नाही. मग तो भाग ते स्वतःच्या सवयीने भरतं. आणि शेवटी चित्र बरोबर आलं की नाही हे तपासायला पुन्हा त्याच जातीचं नेटवर्क बसवतात. ज्याला रंगाकडे न बघण्याचं शिक्षण दिलंय, त्यालाच रंग बरोबर असल्याचा साक्षीदार करतात.

थोडं विषयांतर करते. रंगीत फिल्मच्या काळात लॅबमध्ये प्रिंटचे रंग लावायला शर्ली कार्ड नावाचं कार्ड असायचं. त्यावर गोऱ्या बाईचा फोटो. ती बरोबर दिसली की मशीन बरोबर. गडद माणसांच्या चेहऱ्यातले बारकावे त्यामुळे काळोखात बुडायचे. कोडॅकमध्ये काम केलेल्यांनी नंतर सांगितलं की सुधारणेसाठी जोर लागला तो चॉकलेट आणि लाकडी फर्निचर बनवणाऱ्यांच्या तक्रारींमुळे, कारण त्यांच्या जाहिरातींत तपकिरी छटा वेगवेगळ्या दिसत नव्हत्या. लाकडाची तक्रार ऐकली गेली. मी ही गोष्ट सगळीकडे सांगते आणि सांगत राहणार.

तर मैत्रिणीच्या फाइलकडे परत येऊ. डोळ्यांवर विसंबायचं नाही, मोजायचं. फोटो लॅब कलर मोडमध्ये घ्यायचा. L* म्हणजे उजळपणा, शून्य काळा आणि शंभर पांढरा. a* म्हणजे लालपणा, b* म्हणजे पिवळेपणा. गालाचा सपाट भाग निवडायचा, जिथे चकाकी नाही आणि सावलीही नाही, आणि त्याचं मध्यमान घ्यायचं. त्वचेच्या अभ्यासात यावरून एक कोन काढतात:

```
ITA = arctan((L* - 50) / b*) × 180 / π
```

कोन जितका खाली, तितकी त्वचा गडद. उणे ३० च्या खाली सगळ्यात गडद गट, उणे ३० ते १० तपकिरी. मूळ फोटोत तिचा L* ३४ आणि b* १६, म्हणजे कोन उणे ४५. आलेल्या फाइलमध्ये L* ४८, b* तितकाच, म्हणजे कोन उणे ७. बाई एका गटातून उचलून दुसऱ्या गटात ठेवली गेली होती. नाकासाठी मी नाकपुड्यांची रुंदी भागिले डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यांमधलं अंतर घेते. मूळ १.२४, फाइलमध्ये १.०६. दोन्ही चेहरे समोरून असतील तरच ही तुलना धरायची. मान वळली की आकडा फसवतो.

मग त्यांच्याकडून सगळ्या सेटिंग्ज मागवल्या, सीड, म्हणजे चित्राची सुरुवात ठरवणारा आकडा, तोच ठेवला आणि एकेक गोष्ट बंद करत गेले. पहिला संशयित होता शेवटी आपोआप चालणारा फेस रिस्टोर. लोकांना वाटतं तो चेहरा साफ करतो. तो साफ करत नाही, अंदाजाने नवा चेहरा काढतो. २०२० मध्ये ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांचं धूसर चेहरा स्पष्ट करणारं पल्स नावाचं साधन आलं होतं. बराक ओबामांचा धूसर, ठोकळ्याठोकळ्यांचा फोटो त्यात घातला तर बाहेर एक गोरा माणूस आला. रिस्टोर करणारी जीएफपीगॅन आणि कोडफॉर्मर ही दोन्ही मॉडेल्स एफएफएचक्यू या ७०,००० चेहऱ्यांच्या संचावर शिकलेली आहेत, आणि पल्सच्या पोटात होतं ते मॉडेलही त्याच संचावरचं. संचात ज्या नाकांची गर्दी, त्याच नाकाकडे अंदाज झुकतो. रिस्टोर बंद केल्याबरोबर नाकाचा आकडा १.०६ वरून १.१७ झाला. रंगात मात्र फक्त दोनाचा फरक पडला, ४८ चा ४६. म्हणजे नाक आणि रंग यांचे चोर वेगळे होते.

रंगाचा चोर प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे मॉडेलला लिहून दिलेल्या मागणीत सापडला. त्यांनी लिहिलं होतं:

```
professional portrait of a beautiful woman author, clear glowing skin
```

यात रंगाबद्दल एक अक्षर नाही असं त्यांचं म्हणणं. पण मॉडेल हे शब्द ज्या फोटोंच्या मथळ्यांमधून शिकलं, त्या फोटोंमध्ये या शब्दांखाली कोणाचे चेहरे होते? शब्दाबरोबर रंगही आला. त्यात गायडन्स ७.५ वर होता. गायडन्स म्हणजे प्रॉम्प्टला किती धरून राहायचं त्याचा आकडा. तो वाढवला की शब्दातली नेहमीची प्रतिमा जास्त ठळक होते आणि तुमचा विशिष्ट माणूस मागे सरकतो. मी कौतुकाचे सगळे शब्द काढले, त्वचा आणि उजेड वेगवेगळे सांगितले, आणि गायडन्स ४ केला:

```
portrait of a woman author, deep brown skin, broad nose, soft window light from left
```

L* ४० वर आला. कोन उणे ३२. आपल्या गटात परत आली, पण अजून घरी पोचली नव्हती.

चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटं उरली आहेत. उपायांसाठी वेळ ठेवायचा असं ठरवून आले होते, आता ते भराभर सांगते.

४० आणि ३४ यांमधलं अंतर कुठून येतं? एक कारण जुन्या स्टेबल डिफ्यूजन मॉडेल्सच्या बांधणीत आहे. शिकवताना फोटोवर पायरीपायरीने नॉइज, म्हणजे कसेही विखुरलेले ठिपके टाकतात, पण शेवटच्या पायरीलाही फोटो पूर्ण पुसला जात नाही, त्याचा एकूण उजळपणा थोडा शिल्लक राहतो आणि मॉडेल त्यावर विसंबायला शिकतं. चित्र काढताना मात्र त्याला शुद्ध नॉइज मिळतो, त्याची सरासरी मधली. म्हणून चित्रही मध्यम उजेडाकडे ओढलं जातं, फार गडद होत नाही आणि फार उजळही होत नाही. २०२३ मध्ये हा दोष दाखवून दिला गेला आणि दुरुस्तीही सुचवली गेली, तेव्हा शक्य असेल तर ती दुरुस्ती असलेलं मॉडेल घ्या.

दुसरं, चेहरा चित्रात लहान ठेवू नका. ही मॉडेल्स चित्र आठपट आकसून काम करतात. ६४ पिक्सेलचा चेहरा आत आठ घरांचा होतो, आणि आठ घरांत तिचं नाक मावत नाही. आधी मोठं चित्र करा. मग मूळ फोटोतला चेहरा नव्या चित्रावर नीट बसवा आणि फक्त तेवढा भाग मॉडेलकडून पुन्हा काढून घ्या, म्हणजे इनपेंट करा. स्ट्रेंग्थ, म्हणजे आधीचं चित्र किती बदलायचं तो आकडा, कमी ठेवा, ०.२५ ते ०.३५. मी ०.३ वर केलं तेव्हा नाक १.२२ झालं. स्ट्रेंग्थ ०.६ च्या पुढे नेलीत की पुन्हा नवीन चेहरा येऊ लागतो.

तिसरं, अगदी शेवटी रंग जुळवा. मास्क लावून फक्त त्वचेचा भाग निवडा आणि L*, a*, b* यांचं मध्यमान मूळ फोटोशी मिळवा, पण बारीक पोत नव्या चित्राचाच राहू द्या. याला मर्यादा आहे. दोन्ही चित्रांतला उजेड सारखा असेल तरच हे न्याय्य. नव्या चित्रात सूर्यास्त असेल तर तिथे दुपारच्या गालाचा आकडा लावून माती होईल. अशा वेळी आधी त्याच प्रॉम्प्टने साध्या उजेडातलं चित्र काढून तिथे तपासा.

एकाच माणसाची बरीच चित्रं हवी असतील तर पंधरा-वीस फोटोंवर छोटा लोरा शिकवा, म्हणजे मॉडेलला तो एक माणूस शिकवणारी छोटी जोडणी. फोटो वेगवेगळ्या उजेडातले घ्या. मथळ्यांत उजेड लिहा, त्वचेचा रंग लिहू नका. मथळ्यात जे लिहाल ते त्या शब्दाला चिकटतं, जे लिहिणार नाही ते माणसाच्या नावाला चिकटतं. रंग नावालाच चिकटायला हवा. आणि शिकवण्याआधी फोटो उजळवू नका. ही चूक मी चांगल्या चांगल्या लोकांकडून होताना पाहिली आहे.

शेवटच्या फाइलमध्ये L* ३५ होता. तीही मैत्रिणीने आईंना दाखवली. त्यांनी चेहऱ्याबद्दल काहीच विचारलं नाही. म्हणाल्या, "हे जॅकेट तू कधी घेतलंस?"