फेरीतून आलेला दूधवाला

नमस्कार श्रोतेहो. गाणं लिहिणाऱ्यांसाठी आज एक सोपी कसोटी. ओळ अर्धीच म्हणायची आणि थांबायचं. ऐकणाऱ्यानं उरलेली अर्धी आपल्या मनानं पुरी केली, तर ती ओळ तुमची नव्हे, सगळ्यांची आहे.

मागे चोडण बेटावरची एक मुलगी विरहगीत घेऊन आली. पेटीवाले काका सूर लावत बसले होते. तिनं वाचलं, ‘डोळ्यांत आसवांचा...’ आणि कागद चाळताना जरा अडखळली. काका मान वर न करताच म्हणाले, ‘पाऊस दाटलेला!’ कागदावर तेच होतं. खाली तुटलेलं काळीजही होतंच.

पोर खट्टू झाली. मी म्हटलं, ‘बाय, कागद ठेव बाजूला. तो गेला तेव्हा तू कुठे होतीस?’

‘धक्क्यावर. पहाटेच्या फेरीनं रायबंदरला गेला.’

‘रडलीस?’

‘नाही हो. फेरी परत येते ना, म्हणून थांबले. आली ती. दूधवाला उतरला.’

काकांचा हात पेटीवरच थांबला. चाल तयार होती, तेव्हा नवी ओळ जुन्याच मापात बसायला हवी होती. ‘डोळ्यांत आसवांचा, पाऊस दाटलेला’. त्याच मापात तिनं लिहिलं, ‘फेरी फिरून आली, घेऊन दूधवाला’. म्हणून बघा, एक मात्रा इकडेतिकडे नाही. आणि आता अर्धी ओळ म्हणा, ‘फेरी फिरून आली...’ पुढचं कोण सांगेल? (निवेदकांनी गाण्याआधी त्याचा अर्थ सांगू नये, हे माझं जुनं म्हणणं. दूधवाला कोण ते ऐकणाऱ्याला कळतं हो!)

तर पुन्हा सांगतो. अर्धी ओळ म्हणा, थांबा. दुसऱ्यानं पुरी केली की त्या ओळीखाली रेघ मारा. मग नवा शब्द शोधत बसू नका, नवी उपमाही नको. आपण कुठे उभे होतो, हातात काय होतं, पुढे कोण आलं, एवढंच आठवा. दुःखाचं नाव ओळीत आलं नाही तरी चालतं.

पाऊस वर्ज्य नाही. गोव्यात राहून पावसाशी वैर कसं धरणार? पण नुसता ‘पाऊस’ नको. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणून ट्रॉलर धक्क्याला बांधून असतात आणि खलाशी आपापल्या गावी गेलेले असतात, तो पाऊस घ्या. त्यात वाट पाहणं आपोआप येतं.

उत्साहाच्या भरात त्या मुलीनं पुढच्या ओळीत पाव विकणारा पोदेर चढवला, मासळीवाली चढवली, शाळेची पोरंही चढवली. काका म्हणाले, ‘अगो, फेरी बुडेल!’ खरंच होतं ते. वाचणारा मागे जाऊन पुन्हा वाचतो, ऐकणाऱ्याला ती सोय नाही. एक चेहरा डोळ्यांपुढे येईतो दुसरा आला, की दोन्ही पुसले जातात.

मग पोदेर उतरला, मासळीवाली उतरली, पोरं उतरली. दूधवाला तेवढा राहिला.