बिलावरचं सहावं अक्षर

(मुंबईतल्या लहान कंपन्यांच्या अकाउंट्स विभागात काम करणाऱ्यांसाठी दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

चुकीच्या नावाची बिलं अनेक प्रकारची असतात. नावात एखादी वेलांटी चुकली, 'प्रायव्हेट लिमिटेड'च्या जागी 'प्रा. लि.' छापलं, एवढ्यासाठी मी डीलरला बिल बदलायला लावणार नाही. जीएसटीआयएन बरोबर असेल तर ते बिल आपल्याच खात्यात येतं, कारण पोर्टल नाव वाचत नाही, नंबर वाचतं. आज मला बोलायचं आहे ते नाव जवळजवळ बरोबर आणि नंबर दुसऱ्याचा, अशा बिलाबद्दल. पटकन कळत नाही आणि सगळ्यात जास्त अडकवतं, ते हेच.

अंधेरीतला एक व्यवसाय घ्या. मालक वर्षानुवर्षं 'क्ष एंटरप्रायझेस' या नावाने प्रोप्रायटर म्हणून धंदा करत होते. त्यांनी 'क्ष एंटरप्रायझेस प्रायव्हेट लिमिटेड' काढली. पत्ता तोच, माणसं तीच, फोन तोच. पण कंपनीचा पॅन वेगळा, म्हणून जीएसटी नोंदणीही वेगळी. जुनी नोंदणी अजून रद्द झालेली नाही, कारण जुना माल आणि जुनी येणी मिटायची आहेत. १८ जून २०२५ ला लॅमिंग्टन रोडच्या डीलरकडून तीन लॅपटॉप आले. प्रत्येकी ५०,००० रुपये, म्हणजे १,५०,०००. त्यावर सीजीएसटी १३,५०० आणि एसजीएसटी १३,५००, एकूण १,७७,०००. डीलरच्या टॅलीत जुनंच लेजर होतं, त्याने तेच निवडलं आणि बिल फाडलं.

आता दोन्ही नंबर शेजारी ठेवून बघा. हे खरे नाहीत, फक्त रचना दाखवायला लिहिले आहेत:

```
जुना : 27ABCPD0000E1Z?
नवा  : 27AAACK0000F1Z?
```

पहिले दोन आकडे राज्याचे. २७ म्हणजे महाराष्ट्र. पुढची दहा अक्षरं पॅनची. पॅनमधलं चौथं अक्षर तो कोणाचा आहे ते सांगतं. P म्हणजे व्यक्ती, C म्हणजे कंपनी, F म्हणजे भागीदारी किंवा एलएलपी. आधी राज्याचे दोन आकडे असल्यामुळे जीएसटीआयएनमध्ये हेच अक्षर सहाव्या जागी येतं. कंपनीच्या नावाने आलेल्या बिलावर सहाव्या जागी P दिसला की तिथेच थांबायचं. पंधरा अक्षरं पाठ करायची गरज नाही, एवढं एक बघितलं तरी अशी बरीच बिलं सापडतात. शंका असेल तर जीएसटी पोर्टलवर Search Taxpayer मध्ये नंबर टाका. कायदेशीर नाव, व्यापारी नाव आणि नोंदणी चालू आहे की रद्द, हे लॉगिन न करता दिसतं.

हे बिल तसंच ठेवलं तर काय होईल? डीलर ते आपल्या जीएसटीआर-१ मध्ये जुन्या नंबरावर दाखवेल. जुनी नोंदणी चालू असल्यामुळे पोर्टल कुठेच अडवणार नाही. २७,००० रुपयांचं क्रेडिट प्रोप्रायटरच्या जीएसटीआर-२बी मध्ये जाऊन बसेल. पैसे कंपनीच्या बँकेतून गेले, लॅपटॉप कंपनीत आहेत, पण कंपनीच्या २बी मध्ये बिलच नाही. कलम १६(२)(एए) प्रमाणे डीलरने दाखवलेलं आणि आपल्याकडे आलेलं बिल असल्याशिवाय कंपनीला क्रेडिट घेता येत नाही. मालक एकच आहे, हा युक्तिवाद चालत नाही. कायद्याच्या दृष्टीने ते दोन वेगळे करदाते आहेत.

तेव्हा डीलरकडे काय मागायचं, हे चूक कधी लक्षात आली त्यावर ठरतं.

आपल्या उदाहरणात डीलरची उलाढाल पाच कोटींच्या वर आहे, म्हणजे ई-इनव्हॉइस सक्तीचं. बिलावर आयआरएन आणि क्यूआर कोड आहे. आयआरएन मिळालेलं बिल दुरुस्त होत नाही, फक्त रद्द होतं, आणि तेही २४ तासांच्या आत. त्याच दिवशी बघितलं असतं तर डीलरने ते रद्द करून नव्या क्रमांकाचं बिल दिलं असतं आणि विषय तिथेच मिटला असता. रद्द केलेला क्रमांक मात्र पुन्हा वापरता येत नाही. आपल्याकडे माल बुधवारी आला आणि अकाउंट्सच्या टेबलावर बिल शनिवारी, २१ तारखेला पोहोचलं. २४ तास केव्हाच संपले होते.

अशा वेळी बहुतेक डीलर जुन्या नंबरावर १,७७,००० ची पूर्ण क्रेडिट नोट काढतात आणि कंपनीच्या नंबरावर नवीन बिल करतात. दोन्हींना स्वतःचा आयआरएन मिळतो. कलम ३४ मध्ये क्रेडिट नोटची जी कारणं दिली आहेत त्यात 'चुकीचं नाव' हे शब्दशः नाही, म्हणून काही सीए याला नाक मुरडतात. पण दोन्ही कागद जून महिन्यातच निघाले तर हिशेब स्वच्छ राहतो, म्हणून मला हा मार्ग पटतो. ११ जुलैपर्यंत डीलर जूनचा जीएसटीआर-१ भरतो, आणि १४ जुलैला तयार होणाऱ्या २बी मध्ये जुन्या नंबरावर बिल आणि क्रेडिट नोट शेजारी येऊन शून्य होतात. कंपनीच्या २बी मध्ये २७,००० दिसतात.

आता डीलरला लिहायचं कसं? 'बिल चुकलंय, बदलून द्या' एवढंच लिहिलं तर तो पीडीएफमध्ये नाव बदलून पाठवतो आणि आपण खूश होतो. 'रिव्हाइज्ड बिल पाठवा' असंही लिहू नका. कायद्यातलं सुधारित बिल ही वेगळीच वस्तू आहे. नव्या नोंदणीची प्रभावी तारीख आणि प्रमाणपत्र हातात येण्याची तारीख, या मधल्या काळातल्या बिलांसाठी ते आहे. जे हवं आहे तेच मागा:

'नमस्कार शेठ, बिल क्र. LR/25-26/0412, दि. १८ जून, रु. १,७७,००० हे आमच्या जुन्या प्रोप्रायटरशिपच्या जीएसटीआयएनवर निघालं आहे. ऑर्डर आणि डिलिव्हरी कंपनीची आहे. वस्तू, संख्या, दर, कर यात काही बदल नाही. कृपया या बिलाची पूर्ण क्रेडिट नोट काढून सोबत दिलेल्या नाव, पत्ता व जीएसटीआयएनवर नवीन क्रमांकाचं बिल ३० जूनच्या आत द्यावं आणि दोन्ही जूनच्या जीएसटीआर-१ मध्ये घ्यावीत. जुन्या नंबरावर आम्ही या बिलाचं क्रेडिट घेतलेलं नाही आणि घेणार नाही. नोंदणी प्रमाणपत्र जोडलं आहे. टॅलीत आमचं नवीन लेजर उघडावं, ही विनंती.'

यातलं 'काही बदल नाही' हे वाक्य महत्त्वाचं आहे. ते नसेल तर डीलरला वाटतं की आपण भाव पाडायला बसलोय, आणि पुढचे चार फोन त्यातच जातात. नाव आणि जीएसटीआयएन हाताने टाइप करून पाठवू नका. आरईजी-०६ प्रमाणपत्राची प्रत जोडा. O आणि 0 चा घोळ तिथेच होतो. शेवटची लेजरची विनंती राहिली, तर पुढच्या महिन्याचं टोनरचं बिलही जुन्याच नावावर येणार.

नवीन बिल हातात आलं की क्यूआर कोड सरकारी पडताळणी अ‍ॅपवर स्कॅन करा. त्यात घेणाऱ्याचा जीएसटीआयएन, बिल क्रमांक, तारीख, रक्कम आणि आयआरएन असतो. वर छापलेला नंबर नवीन आणि क्यूआरच्या आत जुना, असं दिसलं तर नुसता पीडीएफ बदलला आहे, पोर्टलवर काहीच झालेलं नाही. ज्यांना ई-इनव्हॉइस लागू नाही त्या लहान दुकानदारांकडे ही सोय नाही. तिथे खूण म्हणजे क्रमांक. नाव बदललं पण क्रमांक आणि तारीख तीच असेल, तर त्याच्या सीएकडे गेलेल्या एक्सेलमध्ये कोणता नंबर गेला हे विचारून घ्या. पेनने खाडाखोड करून वर शिक्का मारलेलं बिल मात्र सरळ परत करा.

समजा हे सगळं ११ जुलैनंतर लक्षात आलं. डीलर म्हणेल, 'जीएसटीआर-१ए आहे ना, त्यात करून टाकतो.' त्यात घेणाऱ्याचा जीएसटीआयएन बदलता येत नाही. त्यासाठी जुलैच्या जीएसटीआर-१ मधला तक्ता ९ए वापरावा लागतो. मूळ बिलाचा क्रमांक देऊन तिथे नवीन जीएसटीआयएन भरायचा. क्रेडिट मग कंपनीच्या १४ ऑगस्टच्या २बी मध्ये येतं, म्हणजे महिनाभर उशिरा. अशा वेळी जुलैच्या तारखेचं नवं बिल मागू नका. माल जूनमध्ये गेलेला असताना जुलैचं बिल करायचं म्हणजे डीलरला व्याजाची भीती वाटते, आणि ती रास्त आहे. या दुरुस्तीची शेवटची मुदत २०२५-२६ च्या बिलांसाठी ३० नोव्हेंबर २०२६ आहे. त्याआधी वार्षिक विवरणपत्र भरलं तर मुदत तिथेच संपते.

श्रोत्यांतून चिठ्ठी आली आहे: दुरुस्ती होईपर्यंत पैसे थांबवायचे का? माल ठीक असेल तर १,५०,००० देऊन टाका आणि कराचे २७,००० कंपनीच्या २बी मध्ये दिसेपर्यंत ठेवा. हे ऑर्डर देतानाच पीओवर लिहिलेलं असलं तर वाद होत नाही. आणि पैसे कंपनीच्याच खात्यातून जाऊ द्या.

दुसरी चिठ्ठी इनव्हॉइस मॅनेजमेंट सिस्टिमबद्दल आहे, आणि गोंधळ खरोखर तिथेच होतो. ऑक्टोबर २०२४ पासून घेणाऱ्याला प्रत्येक बिल स्वीकारता, नाकारता किंवा प्रलंबित ठेवता येतं. काहीच केलं नाही तर ते स्वीकारलं असं धरतात. उत्साहाच्या भरात लोक जुन्या लॉगिनमध्ये जातात आणि 'हे आपलं नाही' म्हणून बिल आणि क्रेडिट नोट दोन्हींवर Reject दाबतात. बिल नाकारलं तर फक्त त्याचं क्रेडिट आपल्याला मिळत नाही. क्रेडिट नोट नाकारली तर तिची कररक्कम डीलरच्या देण्यात पुन्हा चढते. आपल्या विनंतीवरून त्याने चूक सुधारली आणि २७,००० चा भुर्दंड त्याच्याच माथी! दोन्ही कागद एकाच महिन्यात आले असतील तर दोन्ही स्वीकारा, जुन्या नंबरावर शून्य होऊ द्या. डीलर ९ए ने दुरुस्ती करणार असेल आणि क्रेडिट नोट येणारच नसेल, तर मात्र मूळ बिल जुन्या लॉगिनमध्ये नाकारलेलं बरं.

त्यामुळे १४ तारखेनंतर दोन्ही लॉगिन उघडावी लागतात. कंपनीच्या २बी मध्ये नवीन क्रमांक आणि २७,००० बघायचे, प्रोप्रायटरच्या २बी मध्ये निव्वळ शून्य. जुनं बिल फाडू नका. क्रेडिट नोट, नवीन बिल आणि डीलरशी झालेला मेल त्यालाच टाचून कंपनीच्या फाइलला लावा, कारण लॅपटॉपच्या खोक्यातल्या वॉरंटी कार्डावर आणि डिलिव्हरी चलनावर अजून जुनाच बिल क्रमांक आहे.