चिकटवलेल्या उत्तरांची सीएसव्ही: एका वाचक-पाहणीच्या निमित्ताने

(ग्रंथालय कार्यकर्त्यांसमोर दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून)

नमस्कार. माझ्याकडे कऱ्हाडच्या बाजूच्या एका ग्रंथालयाची वाचक-पाहणी आली होती. प्रश्न पाचच होते: गाव, घरात वाचणारी माणसं, महिन्याला किती पुस्तकं, कोणत्या प्रकारची, आणि सूचना. उत्तरं व्हॉट्सअ‍ॅपवर मागवली होती. ८६ जणांनी ती पाठवली, कार्यकर्त्यांनी सगळे संदेश एकदम निवडून कॉपी केले आणि ते असे माझ्यापुढे आले. त्यांची एक सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी स्तंभ पाडलेली साधी मजकूर-फाइल, करायची होती. नावांच्या जागी इथे "वाचक" लिहिलंय:

```
[12/06, 9:14 am] वाचक: 1) कऱ्हाड 2) ४ 3) 3-4 4) कथा, चरित्र
5) वेळ वाढवा, रविवारीही
"उघडे" अशी पाटी लावा
[12/06, 9:20 am] वाचक: १) कर्‍हाड २) 3 ३) दोन ४) चरित्र
```

असा मजकूर दिसला की बहुतेक जण लगेच स्तंभ पाडायला घेतात. मी आधी ओळी नीट करते. एका माणसाचं उत्तर कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं हे ठरल्याशिवाय स्तंभांना हात लावू नये. इथे पहिल्या वाचकाचं उत्तर तीन ओळींत पसरलंय. हे असंच शीटमध्ये चिकटवलं तर त्याचे तीन वाचक होतील.

खूण मात्र हाताशी आहे. प्रत्येक संदेशाची सुरुवात चौकटी कंसातल्या तारखेने होते, म्हणून ज्या ओळीच्या सुरुवातीला तसा कंस नाही ती ओळ मागच्याच माणसाची. नोटपॅड++ मध्ये शोधा-बदला उघडून Regular expression निवडा आणि हे शोधा:

```
\R(?!\[\d)
```

त्याच्या जागी ` ⏎ ` घाला. आता एका संदेशाला एक ओळ मिळाली. ओळी मोजल्या तर ९१ निघाल्या, वाचक मात्र ८६. पाच जणांनी उत्तर दोन संदेशांत तोडून पाठवलं होतं. ते जोडायला पाठवणाऱ्याचं नाव लागतं, म्हणून नावं याच्या आधी काढून टाकू नका. जोडून झालं की मात्र नाव आणि तारीख पुसायची आणि जागी साधा क्रमांक द्यायचा. पुस्तकांच्या हिशेबाला कुणाचं नाव लागत नाही, आणि ही फाइल पुढे कुणाकुणाच्या हाती जाईल ते आपल्याला ठाऊक नसतं.

पुढे 1) ते 5) या खुणांच्या जागी टॅब. देवनागरी आकडाही धरायचा आणि आजूबाजूच्या मोकळ्या जागाही, म्हणून `\h*[1-5१-५]\)\h*` असा शोध. इथे स्वल्पविरामावर तोडायचा मोह होतो, तो टाळा. "कथा, चरित्र" हे एकच उत्तर आहे आणि "वेळ वाढवा, रविवारीही" ही एकच सूचना. सीएसव्हीमध्ये स्वल्पविराम ही स्तंभाची भिंत असते, म्हणून ज्या उत्तरात स्वल्पविराम, दुहेरी अवतरण किंवा नवी ओळ आहे ते सगळं दुहेरी अवतरणात ठेवायचं आणि आतलं प्रत्येक अवतरण दोनदा लिहायचं. आरएफसी ४१८० या सीएसव्हीच्या नियमांच्या २००५ च्या टिपणात हे लिहून ठेवलंय. पण ही अवतरणं स्वतः घालत बसू नका. टॅबने तोडलेला मजकूर शीटमध्ये नेऊन तिथून सीएसव्ही उतरवली की ती शीटच घालते.

शीटमध्ये चिकटवण्याआधी ज्या स्तंभांत चिकटवणार त्यांचं स्वरूप Plain text करा, एक्सेलमध्ये Text. हे आमच्याकडून पहिल्या वेळी राहिलं. "3-4" म्हणजे तीन-चार पुस्तकं. एक्सेलने त्याची ३ एप्रिल केली. एक्सेलच्या पोटात तारीख म्हणजे १९०० सालापासून मोजलेले दिवस, म्हणजे ४५ हजारांच्या घरातला आकडा. अशा तीनच उत्तरांनी ८६ जणांची सरासरी महिन्याला दीड हजार पुस्तकांच्या वर गेली. इतकी मोठी चूक निदान दिसते तरी. मानवी जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने SEPT1 आणि MARCH1 ही नावं बदलून SEPTIN1 आणि MARCHF1 केली, ती याच तारखांच्या घोळापायी. २०२० मध्ये त्यांनी तसे नियम प्रसिद्ध केले. आपल्याकडे उपाय सोपा आहे: किमान आणि कमाल असे दोन स्तंभ करायचे. "दोन" लिहिणाऱ्याचं दोन्हीकडे 2.

आकड्यांची दुसरी अडचण गुपचूप येते. "४" किंवा "दोन" मजकूर म्हणून बसले की SUM त्यांना सोडून देते आणि काही सांगतही नाही. म्हणून आकडे बदलून झाले की स्तंभाचं स्वरूप Number करून आकडे पुन्हा भरून घ्या आणि त्यावर COUNT आणि COUNTA दोन्ही लावून बघा. पहिलं फक्त संख्या मोजतं, दुसरं भरलेली प्रत्येक पेशी. दोन्हींत फरक आला तर तेवढे आकडे अजून मजकूरच आहेत.

आता गावाचं नाव. माझा सगळ्यात जास्त वेळ इथे गेला. मोजणीत "कऱ्हाड" दोनदा येत होतं, एकदा ३१ आणि एकदा १२. डोळ्यांना दोन्ही तंतोतंत सारखी. LEN लावलं तेव्हा एक सहा निघालं, दुसरं सात. आपला अर्धा ऱ दोन तऱ्हांनी टाइप होतो. काही कळफलक ऱ हे स्वतंत्र अक्षर घेऊन त्याला हलंत लावतात; काही साधा र, हलंत आणि न दिसणारं एक जोडचिन्ह देतात. कागदावर फरक शून्य, यंत्राला ही दोन गावं. दुसरी तऱ्हा पहिलीत आणायला हे सूत्र:

```
=SUBSTITUTE(B2,"र"&UNICHAR(2381)&UNICHAR(8205),UNICHAR(2353)&UNICHAR(2381))
```

दऱ्या, सुऱ्या, गोऱ्हे, जिथे हा अर्धा ऱ असेल तिथे हे होऊ शकतं. "कराड" लिहिणारे वेगळे. ते सूत्राने जुळत नाहीत. गावांची यादी काढून, एकदा वाचून, हाताने एक नाव ठरवावं लागतं.

"कोणत्या प्रकारची" या प्रश्नाला एकाहून जास्त उत्तरं येतात, म्हणून प्रत्येक प्रकाराचा स्वतंत्र स्तंभ आणि त्यात 1 किंवा 0. ज्याने प्रश्नच सोडला त्याची पेशी रिकामी ठेवा, 0 घालू नका. "कथा वाचत नाही" आणि "सांगितलं नाही" ही दोन वेगळी उत्तरं आहेत, आणि एकदा 0 भरला की ती परत वेगळी करता येत नाहीत.

इतकं झाल्यावर ⏎ च्या जागी पुन्हा नवी ओळ आणली आणि फाइल अशी दिसली:

```
क्र,गाव,वाचणारे,किमान,कमाल,कथा,चरित्र,सूचना
1,कऱ्हाड,4,3,4,1,1,"वेळ वाढवा, रविवारीही
""उघडे"" अशी पाटी लावा"
2,कऱ्हाड,3,2,2,0,1,
```

दुसऱ्या वाचकाच्या शेवटी एकटा स्वल्पविराम आहे. त्याची सूचना रिकामी आहे, पण स्तंभ आठच राहिले पाहिजेत.

एक्सेलमधून जतन करताना "CSV UTF-8" हाच प्रकार निवडा. नुसती "CSV" निवडली तर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं येतात, आणि ती फाइल बंद केली की अक्षरं कायमची गेली. उलट, उघडल्यावर à¤ सारखी विचित्र अक्षरं दिसली तर घाबरू नका. मजकूर शाबूत असतो, वाचायची रीत चुकलेली असते. जतन न करता बंद करा, Data मधल्या From Text/CSV ने आत घ्या आणि 65001 : Unicode (UTF-8) निवडा. तिथेच किमान-कमालचे स्तंभ संख्या म्हणून आले की तारीख म्हणून, तेही दिसतं. आणि मुळातला चिकटवलेला मजकूर, नावांसकट असल्याने कुलपात, पण न बदलता वेगळ्या फाइलमध्ये ठेवा. त्या पाच तुटलेल्या उत्तरांपैकी एक मी चुकीच्या माणसाला जोडलं होतं, ते तिथूनच सापडलं.